शेकडा तीन : एका हंगामाचा हिशेब



व्याजाच्या निषेधाबद्दल आपण खुत्ब्यात अनेकदा ऐकतो. सूरह बकराच्या २७५ ते २८० या आयतींचा अर्थ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. अल्लाहने व्यापार वैध ठरविला आणि व्याज निषिद्ध केले, हे मदरशातील लहान मूलही सांगेल. तरीही पेरणी तोंडावर आली की आपल्याच सफेतला कोणीतरी आपल्याच सफेतल्या दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो आणि ‘शेकडा तीन’ या दोन शब्दांवर मान डोलावतो. या दोन शब्दांच्या पोटात काय असते, हे समजण्यासाठी आज एक कथा सांगतो. कथा कल्पित आहे; त्यातील शेतकऱ्याला आपण गफूरभाई म्हणू. हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकाने पडताळून पाहावा.

गफूरभाईंची परभणी जिल्ह्यात चार एकर जमीन. सातबारा अजून मरहूम वडिलांच्या नावावर. चार भाऊ, दोन बहिणी. वारसांची नोंद करून घ्यायची म्हणून दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते. त्यामुळे सोसायटीचे पीककर्ज त्यांना मिळत नाही. २०२४ च्या जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्यासाठी, खतासाठी आणि ट्रॅक्टरच्या भाड्यासाठी पैशाची गरज पडली, तेव्हा ते गावातील एका सेठकडे गेले. सेठ परका नव्हता. पाच वक्तांचा नमाजी, रमजानमध्ये मशिदीत इफ्तार देणारा माणूस.

‘‘गफूरभाई, तुमच्याकडून जास्त कसं घेईन? शेकडा तीन लावू,’’ सेठ म्हणाला.

गफूरभाईंनी मनात तुलना केली. सोसायटीचा दर सात टक्के असतो, असे त्यांनी ऐकले होते. हा तीनच मागतो, म्हणजे बँकेपेक्षा निम्म्याहून स्वस्त! त्यांनी मनोमन शुक्र अदा केला आणि ४०,००० रुपयांच्या चिठ्ठीवर सही केली. दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. हातात मात्र ३८,८०० रुपयेच पडले. ‘‘पहिल्या महिन्याचं आधीच कापून घेतो, तुम्हालाच मागाहून जड जायला नको,’’ असा खुलासा झाला. भोळ्या माणसाला ही सोय वाटली.

इथे क्षणभर थांबू या. बँक आणि सोसायटी व्याजाचा दर सांगतात तो वर्षाचा असतो. गावचा सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर असतो. शंभर रुपयांवर दरमहा तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे शेर आणि मण सारखेच मानणे होय. पण बोलताना कोणी ‘महिन्याला’ हा शब्द उच्चारत नाही. देणाऱ्याला तो गृहीत असतो आणि घेणाऱ्याला विचारण्याचा संकोच असतो.

पेरणी झाली. त्यावर एक जोराचा पाऊस येऊन जमीन चिकटली, वरचा थर घट्ट झाला आणि कोंब वर येईनात. निम्मे रान रिकामे राहिले. १ जुलैला गफूरभाई पुन्हा त्याच ओसरीवर. या वेळी २०,००० रुपये. सेठने जुलै महिन्याचे व्याज आता एकूण ६०,००० वर धरले आणि १,८०० रुपये कापून १८,२०० दिले. १ ऑगस्टला खुरपणी आणि फवारणीसाठी आणखी १०,००० घेतले. त्या वेळी सेठने काही कापले नाही. ‘‘आता राहू द्या, वहीत लिहून ठेवतो,’’ एवढेच म्हणाला. गफूरभाईंना ती मेहेरबानी वाटली.

सप्टेंबरच्या आरंभी मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती आपणा सर्वांच्या लक्षात आहे. गफूरभाईंच्या खालच्या अंगाच्या एकरात चार दिवस पाणी उभे होते. शेंगा भरायच्या दिवसांत मुळे कुजू लागली. ते बांधावर उभे राहून पाण्याकडे पाहत होते, आणि त्याच वेळी वहीतला आकडा कोरड्या जागी बसून वाढत होता.

एके रात्री इशाच्या नमाजनंतर त्यांनी आठवीत शिकणाऱ्या मुलीला जवळ बसविले.

‘‘बेटा, तुला शाळेत व्याजाचा हिशेब शिकवला ना? सेठचं दिवाळीला किती द्यावं लागेल, जरा काढून दे.’’

मुलीने वही उघडली. ‘‘अब्बा, तीन टक्के वर्षाचे की महिन्याचे?’’

‘‘वर्षाचेच असतील.’’

तिने मांडले. ४०,००० पाच महिने, २०,००० चार महिने, १०,००० तीन महिने. सगळे मिळून व्याज आले ७७५ रुपये. गफूरभाई हसले. पण मुलगी हसली नाही.

‘‘अब्बा, पहिल्या महिन्याचे त्यांनी बाराशे कापले म्हणालात. चाळीस हजारांचे वर्षाचे तीन टक्केच बाराशे होतात. हे महिन्याचे आहेत, अब्बा.’’

त्या खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तिने पुन्हा पहिल्यापासून मांडले.

जूनचे १,२०० आणि जुलैचे १,८०० आधीच कापले गेले होते. १ ऑगस्टला वहीवर ७०,००० उभे. ऑगस्टचे व्याज २,१०० दिले गेले नाही म्हणून ते मुद्दलात मिळाले, झाले ७२,१००. सप्टेंबरचे २,१६३, झाले ७४,२६३. ऑक्टोबरचे २,२२८, ३१ ऑक्टोबरला एकूण देणे ७६,४९१ रुपये. आणि गफूरभाईंच्या हातात प्रत्यक्ष आलेली रक्कम किती? ३८,८००, १८,२०० आणि १०,०००, म्हणजे ६७,०००. पीक घरात येण्यापूर्वीच ९,४९१ रुपयांचा डोंगर उभा राहिला होता.

आपल्याकडे लोकांना चक्रवाढीची मोठी भीती वाटते आणि ‘आमचं व्याज साधं आहे’ असे सांगून देणारा स्वतःचे समाधान करून घेतो. या हिशेबात चक्रवाढीचा वाटा पाहिला तर तो केवळ १९१ रुपयांचा आहे. बाकी ९,३०० रुपये साध्या व्याजाचेच आहेत. एका हंगामात माणसाला वाकविते ती चक्रवाढ नव्हे. त्याला वाकवितो तो महिन्याचा दर, आणि बी मातीत पडण्याआधीच सुरू झालेली मोजणी. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत काढणीला येते. पैशाची मोजणी मात्र १ जूनला सुरू होऊन दीडशे दिवस चालली. या दीडशे दिवसांत शेतकऱ्याकडे येणारा पैसा शून्य असतो. दरमहा पगार घेणारा माणूस महिन्याचे व्याज महिन्याला देऊ तरी शकतो. शेतकऱ्याचा पगार वर्षातून एकदाच होतो, तोही पाऊस ठरवील तेवढा.

ऑक्टोबरमध्ये सोंगणी झाली. एकरी पाच क्विंटलप्रमाणे वीस क्विंटल माल निघाला. मोंढ्यात ४,२०० चा भाव मिळाला आणि ८४,००० ची पट्टी झाली. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. पण हमीभाव केंद्रावर द्यायचे म्हणजे नोंदणी हवी, माल वाळवून ओलावा बारा टक्क्यांवर आणायला हवा, पाळी येईपर्यंत थांबायला हवे, आणि त्यानंतर पैसे खात्यावर येईपर्यंत वाट पाहायला हवी. सेठचा निरोप दर दुसऱ्या दिवशी येत होता. क्विंटलमागे ६९२ रुपये सोडून गफूरभाईंनी माल विकला. वीस क्विंटलवर हे १३,८४० रुपये होतात. वहीतल्या व्याजापेक्षाही ही रक्कम मोठी आहे, आणि ती कोणाच्याच वहीत लिहिलेली नसते.

सोंगणीचे गुत्ते चार एकरांचे १२,०००. मळणीचे ५,०००. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून २,०००. हातात राहिले ६५,०००. ते सगळे त्यांनी सेठच्या पुढे ठेवले. घरी एक रुपया नेला नाही. सेठने मोजले, वहीत लिहिले आणि सांगितले, ‘‘राहिले ११,४९१. काही घाई नाही गफूरभाई, पुढच्या पेरणीला बघू.’’

‘घाई नाही’ या शब्दांचा अर्थ आता गफूरभाईंना कळत होता. त्याच दराने ते ११,४९१ पुढच्या पेरणीपर्यंत, सात महिन्यांत, १४,१३२ होणार होते. चक्रवाढीला तिचा खरा वेळ इथे मिळतो. नवा हंगाम सुरू होण्याआधीच मागच्या हंगामाची मूठभर माती डोक्यावर असते.

दुसऱ्या दिवशी असरनंतर गफूरभाई मुलीची ती वही घेऊन मशिदीच्या इमामांकडे गेले.

‘‘मौलाना, मी गुन्हेगार आहे का?’’

इमामांनी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे, तीत पैगंबर (स.) यांनी व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार अशा सर्वांचा धिक्कार केला आहे. इमामांनी त्यांना हे सांगितले आणि तौबा करण्यास सांगितले. पण मग ते म्हणाले, ‘‘तुमच्या गुन्ह्याचं बोलून झालं. आता तुमच्या देण्याचं बोलू.’’

सूरह बकराच्या २७९ व्या आयतीचा आशय असा की, जो व्याज सोडून तौबा करील त्याला आपले मूळ धन परत घेण्याचा हक्क आहे. त्याने कोणावर अन्याय करू नये आणि त्याच्यावरही अन्याय होऊ नये. मूळ धन म्हणजे काय? चिठ्ठीवर लिहिलेले ७०,००० नव्हेत. त्यातले ३,००० तर आधीच कापलेले व्याज होते. ते गफूरभाईंच्या हातात कधी आलेच नाही. मूळ धन म्हणजे दिलेली रक्कम, ६७,०००. त्यापैकी ६५,००० परत झाले. सेठचे शरीअतनुसार राहिलेले येणे दोन हजार रुपये आहे, आणि ते बुडविण्याचा अधिकार गफूरभाईंनाही नाही.

अकरा हजार चारशे एक्याण्णव आणि दोन हजार! या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच ‘रिबा’. गफूरभाईंच्या पिकाने खर्च जवळजवळ भरून काढला होता. अतिवृष्टीनंतरही त्या मातीने केवळ दोन हजारांनी दगा दिला. उरलेले कर्ज मातीने केले नाही, ते वहीने केले.

आणि त्या दोन हजारांबद्दल पुढचीच आयत आहे, २८० वी. कर्जदार तंगीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ केले तर ते अधिक उत्तम, असे तिचे सांगणे आहे. मुदत देणे ही या आयतीत मेहेरबानी नाही, आदेश आहे. मेहेरबानी माफीत आहे. आपल्या व्यवहारात नेमके उलटे होते. मुदत म्हणजेच नवे व्याज.

इमाम वही घेऊन स्वतः सेठकडे गेले. मी कथा गोड करून सांगणार नाही. सेठ ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, ‘‘मौलाना, पैसा तर माझाही अडकतो. रुपयाची किंमत उतरते. मी काय फुकट फिरवू?’’ हा प्रश्न मी अनेक भल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून तो टाळत नाही. पैसा अडकतो हे खरे. पण शेतात पाणी उभे होते त्या चार दिवसांत त्याच्या पैशाला काय झाले? काहीच नाही, तो वाढला. पीक बुडाले तरी तेवढाच, पीक भरघोस आले तरी तेवढाच. नफ्यात हक्क हवा असेल तर तोट्यातही खांदा लावावा लागतो, ही शरीअतची अट आहे. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात पैगंबर (स.) यांनी अज्ञानकाळातील सर्व व्याज रद्द केल्याचे जाहीर केले, तेव्हा आरंभ स्वतःच्या घरापासून केला, सर्वप्रथम रद्द झाले ते त्यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांचे येणे. त्यांचाही पैसा अडकलेला होता.

सेठने त्या दिवशी उत्तर दिले नाही. आठवड्याने त्याने निरोप पाठविला की दोन हजार पुढच्या मालावर दिले तरी चालतील. वहीचे ते पान त्याने फाडले की नाही, हे कथेला ठाऊक नाही.

आता पुढच्या जूनचे काय? बियाणे तर लागणारच. कर्जे हसना देणारा प्रत्येक गावात मिळतो असे मी म्हणणार नाही. काही जण विचारतील की, पीककर्ज वेळेत फेडले तर शासन व्याज भरते, मग ते घ्यावे का? करारावर व्याज लिहिलेले असते आणि सवलत मागाहून मिळते. वेळ चुकली तर व्याज लागते. याबद्दल आपल्या विश्वासातील मुफ्तींना कागद दाखवून विचारावे. वारसांची नोंद मात्र आजच करून घ्यावी. त्यात कोणाचा मतभेद नाही, आणि बहिणींचा हिस्साही त्यातच आहे.

इमामांनी गफूरभाईंना जो मार्ग दाखविला तो मदीनेच्या शेतकऱ्यांचा आहे. पैगंबर (स.) हिजरत करून मदीनेला आले तेव्हा तेथील लोक खजुरासाठी एक-एक, दोन-दोन वर्षे आधी पैसे देत-घेत असत. त्यांनी हा व्यवहार बंद केला नाही. माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, एवढी अट घातली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. या व्यवहाराला ‘सलम’ म्हणतात. कर्ज देणे-घेणे यात नसते. ही विक्री आहे, जिच्यात किंमत आज मिळते आणि माल नंतर द्यायचा असतो.

मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याशी गफूरभाईंनी असा करार केला. दहा क्विंटल सोयाबीन, भाव ३,८००, एकूण ३८,००० रुपये; ते सगळे त्याच बैठकीत रोख. ओलावा बारा टक्क्यांपर्यंत, माती-काडीकचरा दोन टक्क्यांपर्यंत. माल ३१ ऑक्टोबरला व्यापाऱ्याच्या दुकानावर पोहोचवायचा.

मुलीने लगेच विचारले, ‘‘अब्बा, भाव ४,२०० झाला तर त्यांना चार हजार सुटतील. मग हे व्याजच झालं ना?’’

प्रश्न रास्त आहे. पण भाव ३,६०० झाला तर व्यापाऱ्याला दोन हजारांचा खड्डा पडेल, आणि तो गफूरभाईंकडे मागता येणार नाही. शिवाय माल एक महिना उशिरा दिला तरी तो दहा क्विंटलच राहील. त्याचे अकरा होणार नाहीत. काळाबरोबर हा आकडा वाढत नाही. धान्य देऊन सुगीला सवाईने किंवा दीडीने धान्य परत घेण्याची जी जुनी रीत आहे, ती याहून अगदी वेगळी. ते उघड व्याज आहे.

हा करार बिघडतो कुठे, तेही पाहून ठेवा. अर्धी रक्कम आता आणि अर्धी सुगीला, असे ठरले तर सलम राहत नाही. ‘त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा दोनशे कमी’ असे म्हटले तर भावच ठरला नाही. ‘मी तुला कर्ज देतो, पण माल मलाच स्वस्तात घाल’ असे म्हटले तर ते कर्जावरचा लाभ घेणे झाले. आणि ‘माझ्या याच गटातला माल’ असे लिहू नये. एका विशिष्ट शेताचे पीक बुडू शकते, म्हणून ठरलेल्या प्रतीचा माल द्यायचा असतो, तो कुठल्याही शेतातला असो. हनफी मतानुसार करारापासून माल देईपर्यंत ती वस्तू बाजारात मिळत राहायला हवी. सोयाबीन मोंढ्यात वर्षभर मिळते, म्हणून ती अडचण इथे येत नाही.

गफूरभाईंना वीस क्विंटलची अपेक्षा होती, तरी त्यांनी दहाच विकले. व्यापारी पंधरा घ्यायला तयार होता. इमामांनी थांबविले, कारण सलममध्ये माल देणे ही जबाबदारीच असते. पीक कमी आले तर तेवढा माल बाजारातून विकत घेऊन द्यावा लागतो. तेही शक्य नसेल, तर व्यापाऱ्याने एक तर थांबावे किंवा आपले ३८,००० परत घ्यावेत. वर एक रुपयाही नाही. हे वाक्य मुलीने करारात शेवटी लिहिले, आणि खाली सही करण्याआधी गफूरभाईंनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतले.